पहिल्या आठवड्यात वर्गाची घडी कशी बसवावी

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या हातात पहिल्या दिवसाआधी वेळापत्रक येते, पाठ्यपुस्तक येते आणि हजेरीपट येतो. पण पहिला आठवडा नेमका कसा घालवायचा, हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. विचारायला गेले तर दोन सल्ले मिळतात. एक ज्येष्ठ सहकारी सांगतात की सुरुवातीला कडक राहा, नंतर सैल सोडता येते; दुसरे सांगतात की आधी मुलांशी मैत्री करा, शिस्त आपोआप येते. हे दोन्ही सल्ले ऐकून नवा शिक्षक सोमवारी कडक होतो, मंगळवारी मैत्री करतो आणि बुधवारी वर्ग त्याच्या हातातून निसटू लागतो. वर्गाची घडी बसवणे आणि मुलांशी नाते जोडणे ही दोन कामे मुळात वेगळी नाहीत. ती एकत्र कशी करायची, हे तासाच्या पहिल्या पाच मिनिटांच्या उदाहरणातून पाहू.

नियम वेगळा, शिरस्ता वेगळा

आधी एक शब्द स्पष्ट करून घेऊ. वर्गात रोज होणारे एखादे काम ठरावीक पायऱ्यांनी, न सांगता पार पडते तेव्हा त्याला मी ‘शिरस्ता’ म्हणते. वर्गात येऊन जागेवर बसणे, वह्या गोळा करणे, गट करणे, तास संपल्यावर बाहेर पडणे, या प्रत्येकाचा शिरस्ता असू शकतो. नियम याहून वेगळा असतो. ‘दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडू नये’ हा नियम झाला. तो काय अपेक्षित आहे ते सांगतो, पण एखादी गोष्ट कशी करायची ते सांगत नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नियम मोडला जातो आणि शिरस्ता बहुधा विसरला जातो. नियम मोडणाऱ्या मुलाला जाब विचारावा लागतो. शिरस्ता विसरलेल्या मुलाकडून तो पुन्हा करून घ्यायचा असतो, जसे हातचा धरायला विसरलेल्या मुलाकडून आपण बेरीज पुन्हा करून घेतो. नवे शिक्षक अनेकदा विसरण्याला मोडणे समजतात आणि रागावतात, आणि मुलांशी नाते बिघडायला सुरुवात होते ती बहुतेकदा इथूनच.

जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वर्गांची चित्रफीत घेऊन केलेले संशोधन 1970 मध्ये प्रसिद्ध झाले. गोंधळ झाल्यावर शिक्षक कसे रागावतात, यावरून चांगला चालणारा वर्ग आणि विस्कळीत वर्ग यांतला फरक त्यांना सांगता येईना. फरक होता तो गोंधळ होण्याआधी शिक्षक काय करतात त्यात. वर्गभर लक्ष असणे आणि ते असल्याचे मुलांनाही जाणवणे, एका कामातून दुसऱ्या कामाकडे न अडखळता जाणे, या गोष्टी त्यांना निर्णायक दिसल्या. पुढे टेक्सासमधील एमर, एव्हर्टसन आणि अँडरसन या संशोधकांनी तिसरीच्या वर्गांचे शाळा सुरू झाल्यापासून निरीक्षण केले; ते संशोधन 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचे वर्ग वर्षभर सुरळीत चालले, त्या शिक्षकांनी सुरुवातीच्या दिवसांत रोजच्या कामांच्या पद्धती धड्यासारख्या शिकवल्या होत्या आणि त्यांचा सराव करून घेतला होता.

पहिली पाच मिनिटेच का

माझ्या पहिल्या वर्षी चाळीस मुलांच्या वर्गासाठी मी चौदा नियमांचा तक्ता करून भिंतीवर लावला होता. तो वाचून झाला, मुलांनी माना डोलावल्या आणि मी शिकवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ पाहिले तेव्हा मुले आत येऊन, बसून, वह्या काढून शांत होईपर्यंत सात मिनिटे गेली होती. ती सात मिनिटे मी ओरडण्यात घालवली. तक्त्यावर ‘वर्गात शिस्तीने यावे’ असे लिहिलेले होते. पण शिस्तीने येणे म्हणजे दप्तर कुठे ठेवायचे, वही कोणती काढायची आणि ती काढल्यावर काय करायचे, हे मी एकदाही दाखवले नव्हते.

तासाची सुरुवात रोज होते आणि तिचा परिणाम पुढच्या पूर्ण तासावर राहतो, म्हणून नव्या शिक्षकाने पहिला शिरस्ता हाच बसवावा. पहिल्या आठवड्यात एकूण तीनच शिरस्ते घ्यावेत: आत येण्याचा, लक्ष वेधण्याचा आणि बाहेर पडण्याचा. वह्या गोळा करणे, गटकाम, ग्रंथालयात जाणे हे ज्या दिवशी पहिल्यांदा लागेल त्या दिवशी शिकवता येते. सोमवारी दहा गोष्टी सांगितल्या तर मंगळवारी एकही आठवत नाही.

आधी कागदावर

शाळा सुरू होण्याआधी रिकाम्या वर्गात जाऊन उभे राहावे आणि मूल दारातून आत आल्यापासून पेन वहीला लागेपर्यंत काय काय करेल, ते एकेक पायरी लिहून काढावे. माझ्या वर्गात शेवटी चार पायऱ्या उरल्या. दारातून एकेकाने आत यायचे. दप्तर मागच्या हुकाला अडकवून वही आणि पेन घेऊन आपल्या जागी जायचे. वहीत तारीख घालायची. फळ्यावरचे काम कोणी न सांगता सुरू करायचे.

लिहिताना अडचणी दिसू लागतात आणि त्या कागदावरच दिसलेल्या बऱ्या. चाळीस मुले एकाच भिंतीकडे निघाली तर दोन रांगांमधल्या वाटेत कोंडी होईल का? आपली जागा कोणती, हे पहिल्या दिवशी मुलाला कसे कळेल? पेन नसलेल्या मुलाने काय करायचे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवलेले नसेल तर तो रोज वर्गापुढे विचारला जातो आणि सुरुवात तिथेच अडते. मी खिडकीपाशी एका डब्यात पेने ठेवू लागले. लागेल त्याने न विचारता घ्यायचे आणि जाताना परत ठेवायचे.

फळ्यावरचे काम निवडण्यात नव्या शिक्षकांची हमखास चूक होते. आपण चांगले शिकवतो हे दाखवण्यासाठी ते आव्हानात्मक प्रश्न देतात. पहिल्या आठवड्यात हे काम इतके सोपे असावे की वर्गातल्या प्रत्येक मुलाला ते मदतीशिवाय सुरू करता येईल. काम अवघड असले की हात वर होतात, शिक्षक एकेका बाकाकडे जातो, बाकीची मुले बोलू लागतात आणि शिरस्ता बसण्याआधीच मोडतो. पहिल्या मिनिटात तीनपेक्षा जास्त हात वर आले तर दोष मुलांचा नसून कामाचा आहे, असे मी समजते.

सोमवार: शिरस्ता धड्यासारखा शिकवणे

पहिल्या दिवशी मुले कशीही आत येणार, ते येऊ द्यावे. सगळी बसल्यावर, स्वतःची ओळख एका मिनिटात उरकून, शिरस्त्याकडे यावे. प्रथम कारण सांगावे, तेही एका वाक्यात: ‘रोज आत आल्याबरोबर काय करायचे हे तुम्हाला माहीत असेल, तर मला ओरडावे लागणार नाही आणि दारात तुमच्याशी बोलायला मला वेळ मिळेल.’ मग करून दाखवावे. शिक्षकाने स्वतः एक दप्तर खांद्याला लावून दाराबाहेर जावे, आत यावे, हुकाला अडकवावे, एका बाकावर बसावे, तारीख घालावी आणि फळ्याकडे पाहून लिहू लागावे. हे सगळे न बोलता करावे. नंतर विचारावे, ‘मी काय काय केले?’ मुले सांगतात, आणि कोणीतरी नेमके पकडते की बाईंनी दप्तर आधी अडकवले आणि वही नंतर काढली. पायऱ्यांचा क्रम मुलांच्या तोंडून आला की तो त्यांच्या लक्षात राहतो.

त्यानंतर एका रांगेने करून पाहावे आणि मग सगळ्यांनी. सराव झाल्यावर ‘छान’ एवढेच म्हणून थांबू नये, कारण त्यातून काय छान झाले ते कळत नाही. ‘सगळ्यांनी दप्तरे अडकवली, वाटेत एकही दप्तर नाही, पण फळ्याकडे पाहायला अर्ध्या वर्गाला माझी आठवण लागली, तेवढे पुन्हा करू,’ असे सांगावे. पुन्हा करताना आवाजात शिक्षेचा सूर नसावा. ही पोहण्याच्या शिकवणीसारखी गोष्ट आहे, हात चुकला तर तेवढाच हात पुन्हा मारायचा.

या सगळ्याला सोमवारी बारा मिनिटे द्यावीत. मंगळवारी दारातच चार पायऱ्यांची आठवण करून द्यावी आणि सहा मिनिटे ठेवावीत. बुधवारी फक्त ‘पहिली पायरी कोणती?’ एवढे विचारावे. गुरुवारी काहीच न बोलता पाहावे. गुरुवारी थोडी घसरण जवळजवळ ठरलेली असते, कारण नवेपण ओसरलेले असते आणि सवय अजून लागलेली नसते. नवे शिक्षक त्या दिवशी निराश होऊन पद्धतच बदलतात. बदलू नये, त्याच चार पायऱ्या शांतपणे पुन्हा करून घ्याव्यात.

लक्ष वेधण्याची खूण

मुले कामात असताना सगळ्यांचे लक्ष हवे असेल तर त्यासाठी एकच खूण ठरवावी. मी फळ्याच्या उजव्या बाजूला, रोज त्याच जागी उभी राहून हात वर करते आणि म्हणते, ‘पेन खाली, डोळे इकडे.’ या दोन्ही गोष्टी दुरून दिसतात. ‘लक्ष द्या’ ही गोष्ट दिसत नाही, म्हणून ती तपासताही येत नाही.

इथे एकच गोष्ट सांभाळावी लागते आणि ती फार जड जाते: सगळे थांबेपर्यंत बोलायला सुरुवात करायची नाही. चाळीसपैकी तीस मुले शांत झाली की शिक्षकाला वाटते पुरे झाले आणि तो बोलू लागतो. त्या क्षणी उरलेल्या दहांना कळते की खूण झाली तरी बोलत राहता येते, आणि शांत बसलेल्या तिसांनाही तेच कळते. दुसऱ्या दिवशी वीसच थांबतात. म्हणून थांबावे, सावकाश वर्गावर नजर फिरवावी, ‘अजून दोघांची वाट पाहते आहे’ असे नाव न घेता म्हणावे, बोलणाऱ्या बाकाजवळ जाऊन उभे राहावे. पहिल्या दिवशी ही वाट अर्ध्या मिनिटाची असू शकते आणि ते अर्धे मिनिट फार मोठे वाटते. आठवड्याच्या शेवटी ती पाच-सहा सेकंदांवर आली तर शिरस्ता बसत आहे असे समजावे.

दारातली ती मिनिटे

आता नात्याकडे येऊ. मुलांना आत आल्यावर काय करायचे हे माहीत असते तेव्हा शिक्षकाला आत ओरडत उभे राहावे लागत नाही. तो दारात उभा राहू शकतो. तिथे प्रत्येक मुलाशी दोन-तीन सेकंदांची भेट होते, नावाने हाक मारता येते, चेहरा पाहता येतो. चाळीस मुलांना यात दोनेक मिनिटे लागतात आणि तेवढ्यात आतली मुले लिहू लागलेली असतात. नाते जोडण्यासाठी वेगळे खेळ घेण्याची गरज नाही असे माझे म्हणणे नाही, पण रोजची ही दोन मिनिटे खेळांपेक्षा अधिक पोहोचतात, कारण ती एकाही मुलाला वगळत नाहीत.

त्यासाठी नावे पाठ हवीत. बसण्याचा आराखडा हातात ठेवून रोज दहा नावे पक्की केली तर चाळीस मुलांचा वर्ग गुरुवारपर्यंत होतो. नाव उच्चारता येत नसेल तर मुलालाच विचारावे आणि त्याच्यासमोर एकदा म्हणून पाहावे. जे शिक्षक दिवसाला पाच तुकड्यांवर जातात त्यांना हे एका आठवड्यात शक्य नाही. त्यांनी आराखडा हातात धरून उघडपणे नाव वाचून हाक मारावी. मुलांना ते चालते. चुकीचे नाव आत्मविश्वासाने घेतलेले चालत नाही.

मंगळवारचे फळ्यावरचे काम म्हणून मी मुलांना एका चिठ्ठीवर तीन उत्तरे लिहायला सांगते: तुला कोणत्या नावाने हाक मारू? एखादी गोष्ट कळली नाही तर शिक्षकाने काय केलेले तुला आवडते? तुला चांगली येणारी अशी कोणती गोष्ट आहे, जी मला माहीत नसेल? सुट्टीत कुठे गेला होतात किंवा आईवडील काय करतात, हे मी विचारत नाही. काही मुलांकडे त्या प्रश्नांना सांगता येण्याजोगे उत्तर नसते आणि पहिल्याच आठवड्यात ते कागदावर मांडायला लावणे त्यांना दुखावणारे असते. त्या चिठ्ठीतले काहीतरी तीन दिवसांत वापरले, तरच मुलाला कळते की ती वाचली गेली.

शिरस्ता पाळला जात नाही तेव्हा

एका वर्षी तिसऱ्या रांगेतला एक मुलगा सोमवारपासून दप्तर हुकाला न अडकवता मांडीवर घेऊन बसत होता. मंगळवारी मी सगळ्यांना मिळून आठवण केली. त्याने दप्तर हलवले नाही. बुधवारी शेजारच्या दोघांनीही दप्तरे मांडीवर घेतली. वर्गासमोर त्याला उभे करावे असे मला त्या वेळी वाटले, कारण हे सरळ आव्हान दिसत होते.

मुले फळ्यावरचे काम करत असताना मी त्याच्या बाकापाशी वाकून हळू आवाजात विचारले, ‘दप्तर अडकवायला काही अडचण आहे का?’ त्याने दप्तर थोडे उलटे करून दाखवले. अडकवायचा वरचा फासाच तुटला होता आणि एक पट्टा दोऱ्याने शिवलेला होता. सगळ्यांच्या देखत ते घेऊन मागे जायची त्याला लाज वाटत होती. त्याचे दप्तर भिंतीला टेकून खाली ठेवायचे असे आम्ही ठरवले, आणि मधल्या सुट्टीनंतर मी सगळ्या वर्गाला सांगितले की ज्याला अडकवायचे नसेल त्याने भिंतीशी ठेवले तरी चालेल. गुरुवारी वाटेत एकही दप्तर नव्हते.

शिरस्ता असल्यामुळे ही गोष्ट मला तीन दिवसांत दिसली. सगळे मनाला येईल तसे बसत असते तर मांडीवरचे एक दप्तर माझ्या नजरेत आलेच नसते. म्हणून न पाळणाऱ्या मुलाकडे पहिल्यांदा जाताना प्रश्न घेऊन जावे, शांत आवाजात आणि एकट्याशी. फळ्यावरचे काम सुरू न करणाऱ्या मुलाला फळा दिसत नसेल, ‘पेन खाली’ ऐकून न थांबणाऱ्याला ऐकू कमी येत असेल. कारण काहीच नसेल आणि मूल मुद्दाम करत असेल, तर तेही दोन-तीन शांत विचारण्यांत कळते आणि मग तो नियमाचा प्रश्न होतो. त्यासाठी शाळेची जी पद्धत असेल ती वापरावी.

अभ्यासक्रम मागे पडणार नाही का?

हा आक्षेप वाजवी आहे, म्हणून हिशेबच करून पाहू. वर दिलेल्या वेळापत्रकात पहिल्या आठवड्यात आत येण्याच्या शिरस्त्याला साधारण पंचवीस मिनिटे जातात. त्यामुळे तासाची सुरुवात सात मिनिटांऐवजी दोन मिनिटांत झाली, तर रोज पाच मिनिटे वाचतात. वर्षाचे 200 दिवस धरले तर ती 1,000 मिनिटे होतात, म्हणजे चाळीस मिनिटांचे 25 तास. घातलेली पंचवीस मिनिटे दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस फिटलेली असतात. शिवाय शिरस्ता आणि विषय हे वेगवेगळ्या दिवशी शिकवायचे नसतात. फळ्यावरचे काम पहिल्या दिवसापासून विषयाचेच असते.

मुले यंत्रासारखी होणार नाहीत का?

ही भीती मी गंभीरपणे घेते, कारण शिरस्त्याच्या नावाखाली मुलांना हात कसे ठेवायचे आणि पाठ किती ताठ ठेवायची हेही ठरवून दिलेले मी पाहिले आहे. त्याला मर्यादा हवी. ज्या कामात विचार करण्यासारखे काही नाही, तिथेच शिरस्ता असावा: वस्तू, वाटा, सुरुवात, शेवट. चर्चा कशी करावी, प्रश्न कधी विचारावा, उत्तर कोणत्या वाटेने काढावे, यांना एकच ठरावीक पायरी लावू नये. रोज चालून पायाखालच्या झालेल्या वाटेने जाताना पाऊल कुठे टाकायचे याचा विचार करावा लागत नाही, म्हणून बोलता बोलता जाता येते; शिरस्ता मुलाचे मन तसेच मोकळे करतो. एखादा शिरस्ता कोणाचा वेळ वाचवतो हे सांगता येत नसेल तर तो सोडून द्यावा.

नववी-दहावीची मुले अशा सरावाला हसतील, असेही विचारले जाते. त्यांना दप्तर घेऊन चालून दाखवायची गरज नाही. पायऱ्या फळ्यावर लिहाव्यात, कारण सांगावे, एकदा करून घ्यावे आणि काही अडते का ते त्यांनाच विचारावे. एका मोठ्या वर्गाने मला दाखवून दिले होते की आधीच्या तासाचे शिक्षक उशिरा सोडतात म्हणून त्यांना पाणी प्यायला वेळच मिळत नाही. मग पहिली दोन मिनिटे बाटली बाकावर ठेवायची मुभा दिली आणि उशिरा येणे थांबले.

सुरुवातीला हसूच नये, या जुन्या सल्ल्याबद्दलही इथेच सांगते. कडकपणा अपेक्षेत असावा, चेहऱ्यावर नसावा. ‘दप्तर वाटेतून उचल’ हे हसून म्हणता येते आणि तरी ते उचलले जाईपर्यंत तिथे उभे राहता येते.

शुक्रवारचा कागद

शुक्रवारी मुले गेल्यावर रिकाम्या वर्गात बसून, हजेरीपट न उघडता, सगळ्या मुलांची नावे आठवून लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे त्या मुलाने या आठवड्यात तुम्हाला सांगितलेली किंवा तुम्हाला दिसलेली एक गोष्ट लिहावी. खोडकर मुले पहिल्या पाचांत येतात, हुशार मुले पहिल्या दहांत. त्या वर्षी माझी छत्तीस नावे झाली आणि मी थांबले. हजेरीपट पाहिला तेव्हा राहिलेली चारही मुले मधल्या रांगांत बसणारी होती. रोज वेळेवर आलेली, दप्तर अडकवलेली, तारीख घातलेली. सगळे शिरस्ते पाळत असल्यामुळेच मला त्यांच्याकडे जावे लागले नव्हते.

पुढच्या सोमवारी, सुट्टीनंतर शिरस्ता थोडा विस्कटलेला असतो म्हणून मी चार पायऱ्या दारातच पुन्हा विचारल्या. ती चार नावे आराखड्यावर मी पेन्सिलीने गोल केली होती. त्यांतली पहिली मुलगी दारात आली तेव्हा तिच्या चिठ्ठीतली ओळ माझ्या लक्षात होती, आणि मी तिला विचारले की पक्ष्यांचे आवाज ओळखायला ती कुठे शिकली. ती थांबली, मागची रांग थांबली, आणि तिने उत्तर द्यायला सुरुवात केली.